‘विनंती विशेष’ ते ‘योग्य ती कार्यवाही’

आपल्या घरांतील जुन्या पेट्यांत आजोबा-पणजोबांची पत्रे अजून सापडतात. बडोद्याच्या गायकवाडी दफ्तरात तर मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. त्या पत्रांची सुरुवात आणि शेवट ठरलेला असे. ‘राजमान्य राजश्री’, ‘विनंती उपरी येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे’ आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे, लोभ करावा हे विनंती’. आज हे नुसते अलंकार वाटतात, पण त्या काळी त्यांना काम होते.

मोडी लिहिताना आधी ओळभर रेघ ओढत आणि तिला अक्षरे टांगत. शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती, विरामचिन्हेही जवळजवळ नव्हती. अशा सलग मजकुरात ‘विनंती उपरी’ किंवा ‘विशेष’ आले की वाचणाऱ्या कारकुनाला कळे, मायना संपला, आता मुद्दा सुरू. मायन्यावरून लिहिणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा दर्जा समजे. ‘लेखनसीमा’ आणि ‘मोर्तबसूद’ यांमुळे शेवटी कोणी ओळ घुसडू शकत नसे. म्हणजे ही वाक्ये विरामचिन्हे होती, ओळखपत्र होती आणि कुलूपही होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या पोस्टकार्डावरील ‘सा. न. वि. वि.’ मधले ‘विनंती विशेष’ हा त्याचाच अवशेष.

इंग्रजी कचेरीने दुसरा साचा आणला. अर्जाखाली ‘युवर मोस्ट ओबिडियंट सर्व्हंट’ लिहायचे आणि मजकुराच्या शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. ‘नीडफुल’ हा शब्द विलायतेतलाच, पण तिकडे तो मागे पडला आणि आपल्याकडे टिकला. एकाच कचेरीत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तो चालूनही जाई, कारण काय करायचे ते आधीच्या टिपणीत लिहिलेले असे. पुढे मराठीत त्याचे ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’ झाले. मुद्दा मात्र मागच्या टिपणीतच राहिला आणि बाहेरच्या पत्रांत नुसते शेपूट आले. इंग्लंडमध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तिथल्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिले, ते १९४८ साली. त्या सुमारास आपण जुना साचा आणखी घट्ट धरून बसलो होतो.

मंडळांकडून वीज कार्यालयाला जाणारे नेहमीचे पत्र पाहा:

‘उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की, प्रतिवर्षाप्रमाणे आमच्या मंडळातर्फे गणेशोत्सव साजरा होत असून त्यासाठी वीजपुरवठा आवश्यक आहे. तरी योग्य ती कार्यवाही करावी, ही नम्र विनंती.’

यात नम्रता दोनदा आहे. पण भार किती, कधीपासून, कुठे, हे एकदाही नाही. टेबलावरचा माणूस उलट पत्र पाठवून विचारणार, त्यात आठवडा जाणार आणि इकडे मूर्ती मंडपात येऊन बसणार. हेच पत्र असे लिहिता येते:

‘आमच्या मंडपासाठी २५ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर या काळात ५ किलोवॅटची तात्पुरती वीजजोडणी हवी आहे. अर्ज, जागेचे परवानगीपत्र आणि नकाशा सोबत जोडला आहे. अनामत रक्कम किती ते कृपया १२ ऑगस्टपर्यंत कळवावे, म्हणजे आम्ही ती १४ तारखेला भरू. जागा पाहायची असल्यास खालील क्रमांकावर सचिवांना सांगावे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

‘कृपया’ एकदाच आले आहे आणि ते ‘कळवावे’ या नेमक्या क्रियापदाला जोडलेले आहे. ‘नम्र’ कुठेच नाही, तरी पत्र उद्धट वाटत नाही. कारण मागणीबरोबर तिचे कारण आहे आणि आपण काय करू हेही सांगितले आहे. समोरच्याचा वेळ वाचवणे हीच यातली नम्रता.

पत्र पाठवण्यापूर्वी एक साधी पारख करता येते. शेवटचे वाक्य बोटाने झाकावे. उरलेल्या मजकुरावरून कोणी, काय, कधीपर्यंत करायचे हे कळत असेल तर झाकलेले वाक्य नको होते. कळत नसेल तर त्या वाक्यानेही कळणार नाही. मुद्दाच लिहायचा राहिला आहे.

याला मर्यादाही आहेत. ‘तात्काळ करा’ हे थेट असले तरी सभ्य नव्हे. घाई असेल तर तारीख आणि कारण द्यावे. छापील नमुन्यातला अर्ज नमुन्याप्रमाणेच भरावा. लग्नपत्रिका, सांत्वनाचे पत्र, आत्याला किंवा काकांना लिहिलेले पत्र यांत ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘लोभ असावा’ राहू द्यावेत. तिथे त्या शब्दांना अजून काम आहे. कचेरीच्या पत्रातले त्यांचे काम आता परिच्छेद, तारीख, सही आणि शिक्का करतात.