तात्पुरता मनाई हुकूम (हद्दीच्या वादातील बांधकाम)

हद्दीच्या वादातील तात्पुरता मनाई हुकूम म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत, किंवा न्यायालय पुढील आदेश देईपर्यंत, शेजाऱ्याने वादग्रस्त पट्ट्यात बांधकाम करू नये असा दिवाणी न्यायालयाने दिलेला आदेश होय. भारतात त्याचा मुख्य आधार दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ३९, नियम १ व २ हा आहे. महाराष्ट्रातील न्यायालयीन व्यवहारात त्याला 'तूर्तातूर्त मनाई' असेही म्हणतात. दाव्याच्या कागदपत्रांत या अर्जाला बहुधा पाचवा क्रमांक मिळत असल्याने वकील व पक्षकार त्याचा उल्लेख 'निशाणी ५ चा अर्ज' असा करतात.

हा आदेश हद्द ठरवत नाही. वाद सुरू होण्यापूर्वी जागेची जी शेवटची निर्विवाद स्थिती होती, ती टिकवून ठेवणे एवढाच त्याचा हेतू असतो.

बुलढाणा जिल्ह्यातील वादांचे स्वरूप

शेतजमिनीच्या सामाईक बांधाला वऱ्हाडात 'धुरा' म्हणतात. जिल्ह्यात घाटाखाली, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, जमीन मुख्यतः काळी आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे हद्दीचे दगड कलतात किंवा जागा सोडतात, आणि दरवर्षीच्या नांगरटीत धुरा हळूहळू सरकत जातो. मात्र शेतातील धुऱ्याचा वाद वर्षानुवर्षे रेंगाळू शकतो, तसा बांधकामाचा वाद रेंगाळत नाही. पायाचे चर खणल्यापासून छत पडेपर्यंत थोडेच महिने जातात, म्हणून हे दावे गावठाणात आणि शहरालगतच्या अकृषक भूखंडांवर अधिक निकडीचे होतात.

असा दावा प्रथम मिळकत ज्या न्यायालयाच्या स्थानिक अधिकारक्षेत्रात असेल तेथे, सामान्यतः तालुक्याच्या ठिकाणच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात दाखल होतो. दाव्याचे मूल्यांकन अधिक असल्यास तो वरिष्ठ स्तराकडे जातो. तहसीलदार किंवा पोलीस यांना मालकीचा वाद ठरवून बांधकाम थांबविण्याचा अधिकार नसतो. ग्रामपंचायतीने वा नगरपालिकेने बांधकामास परवानगी दिली असली तरी तिने दोन शेजाऱ्यांमधील हद्द ठरत नाही.

तीन कसोट्या

न्यायालय तीन गोष्टी एकत्रितपणे पाहते. वादीची बाजू प्रथमदर्शनी तपासण्याजोगी आहे का. मनाई न दिल्यास त्याचे पैशाने भरून न येणारे नुकसान होईल का. आणि मनाई दिल्याने प्रतिवादीची होणारी गैरसोय ही मनाई नाकारल्याने वादीची होणाऱ्या गैरसोयीपेक्षा कमी आहे का. सर्वोच्च न्यायालयाने दलपत कुमार विरुद्ध प्रल्हाद सिंग (१९९२) या निकालात या कसोट्या विशद केल्या असून कनिष्ठ न्यायालयांच्या आदेशांत त्याचा उल्लेख वारंवार आढळतो. प्रथमदर्शनी बाजू म्हणजे सिद्ध झालेली मालकी नव्हे. परंतु केवळ 'ही जागा आमची आहे' असे शपथेवर लिहिणेही तेथे पुरत नाही.

हद्दीच्या वादात बहुतेक अर्ज पहिल्याच कसोटीवर अडखळतात, कारण वादीचा कागद खरा असला तरी वादग्रस्त रेषा जमिनीवर नेमकी कोठे आहे हे त्या कागदावरून दिसत नाही. संहितेच्या आदेश ७, नियम ३ नुसार स्थावर मिळकतीचे वर्णन ती ओळखता येईल असे, आणि हद्दी वा भूमापन क्रमांक उपलब्ध असल्यास त्यांसह, द्यावे लागते. खरेदीखतातील 'पूर्वेस अमुक यांची जागा' एवढ्या चतुःसीमेवरून मिळकत ओळखता येते, पण तीन फुटांचा पट्टा ओळखता येत नाही.

एक उदाहरण

समजा, चिखली तालुक्यातील एका अकृषक अभिन्यासात पूर्व-पश्चिम ओळीने पाच भूखंड आहेत. प्रत्येकाची रुंदी खरेदीखताप्रमाणे ४० फूट व लांबी ५० फूट आहे. दुसऱ्या भूखंडाच्या धारकाने टेप लावला तेव्हा त्याची जागा ३७ फूटच भरली. तिसऱ्या भूखंडाच्या धारकाने त्याच सुमारास आपल्या पश्चिम बाजूस पायाचे चर खणले. दुसऱ्याच्या मते शेजाऱ्याने ३ फूट रुंद व ५० फूट लांब, म्हणजे १५० चौरस फुटांचा पट्टा दाबला आहे.

हा निष्कर्ष अजून निघत नाही. जागेवर पाचही भूखंडांची ओळ एकूण २०० फुटांऐवजी १९७ फूटच भरत असेल, तर तूट अभिन्यासातच आहे आणि ती कोणाच्या वाट्याला यावी हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्या भूखंडाची भिंत ३ फूट पूर्वेला सरकलेली असेल, तर अतिक्रमण पश्चिमेकडून झाले आहे आणि दावा चुकीच्या शेजाऱ्यावर लागला आहे. तिसऱ्याची जागा चरासह ४३ फूट भरते, आणि मंजूर अभिन्यासाच्या नकाशावरील पक्क्या खुणेपासून मोजले असता चर दुसऱ्याच्या रेषेत ३ फूट येतात, असे दिसले तरच पहिली कसोटी पुरी होऊ लागते. आपली जागा कमी भरणे आणि शेजाऱ्याची अधिक भरणे ही दोन वेगळी विधाने आहेत. न्यायालयाला दोन्ही, आणि त्यांना जोडणारी रेषा, पाहावी लागते.

म्हणून या अर्जासोबतचा सर्वांत उपयुक्त कागद म्हणजे भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचा नकाशा, ज्याची अर्जदारास मिळणारी प्रत 'क प्रत' म्हणून ओळखली जाते. 'हद्द कायम' प्रकारची मोजणी मागितल्यास भूकरमापक अभिलेखातील हद्द जागेवर दाखवितो. या नकाशावर नवे चर किंवा भिंत दाखविलेली असावी. केवळ भूखंडाचा चौकोन काढलेला नकाशा अपुरा ठरतो. मोजणीपूर्वी लगतधारकांना नोटीस गेली होती का, हा प्रतिवादीचा पहिला आक्षेप असतो. दुसरा आक्षेप मोजणी कोणत्या खुणेपासून सुरू झाली याबद्दल असतो. शेजाऱ्याची वादग्रस्त भिंतच आधार धरून केलेल्या मोजणीचे महत्त्व फार थोडे.

गावठाणातील घरांबाबत ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा जवळजवळ प्रत्येक दाव्यात जोडला जातो. तो कर आकारणीचा कागद आहे. ताब्याबद्दल त्याची थोडी मदत होते, मालकी किंवा हद्द त्याने सिद्ध होत नाही. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे मिळकत पत्रिका व तिचा नकाशा अधिक उपयोगी पडतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याची तरतूद आहे.

मोजणीचा नकाशा वेळेत मिळत नाही आणि चर मात्र भरले जात असतात. अशा वेळी मोजणी अर्जाची पावती, अभिन्यासाचा नकाशा, दोन्ही खरेदीखते, तारखेसह छायाचित्रे आणि शेजारच्यांची शपथपत्रे यांवर अर्ज करून आदेश २६, नियम ९ खाली न्यायालयीन आयुक्त, म्हणजे कोर्ट कमिशनर, नेमण्याची विनंती करता येते. हरियाणा वक्फ बोर्ड विरुद्ध शांती सरूप (२००८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाद मुळात सीमांकनाचा असताना स्थानिक आयुक्त नेमायला हवा होता असे म्हटले आहे. तरीही, वादीच्या हाती काहीच नसताना त्याच्यासाठी पुरावा गोळा करण्याचे ते साधन नव्हे, या कारणाने असे अर्ज फेटाळलेही जातात.

विलंब आणि मागणीची मर्यादा

त्याच उदाहरणात वादी चर खणल्याच्या आठवड्यात न्यायालयात आला, तर त्याची मागणी काम थांबविण्याची असते. भिंत छतापर्यंत गेल्यावर आला, तर ती प्रत्यक्षात भिंत पाडण्याची होते. असा आज्ञार्थी अंतरिम आदेश देता येतो. परंतु दोराब कावसजी वॉर्डन विरुद्ध कूमी सोराब वॉर्डन (१९९०) या मुंबईतील घराच्या वादातून आलेल्या निकालानुसार त्यासाठी साध्या प्रथमदर्शनी बाजूपेक्षा बळकट बाजू लागते. शिवाय काम होत असताना वादी गप्प राहिला हे त्याच्या संमतीसारखे वाचले जाते. पट्टा आधीच शेजाऱ्याच्या ताब्यात गेला असेल तर केवळ मनाईचा दावा अपुरा पडतो व ताबा परत मागावा लागतो. मालकीवरच गंभीर शंका उपस्थित झाली असल्यास मालकीच्या घोषणेची मागणीही जोडावी लागते.

मागणी जितकी अरुंद, तितका सोय-गैरसोयीचा तोल वादीकडे झुकतो. 'प्रतिवादीने कोणतेही बांधकाम करू नये' अशी मागणी केल्यास शेजाऱ्याचे सर्व घर, त्याचे कर्ज आणि मजुरी अडकते, आणि न्यायालय कचरते. 'नकाशात दर्शविलेल्या ३ × ५० फुटांच्या पट्ट्यात बांधकाम करू नये' असे म्हटल्यास उरलेल्या जागेत तो बांधू शकतो. काही वेळा न्यायालय मनाई नाकारते, मात्र प्रतिवादीकडून लेखी हमी घेते की बांधकाम त्याच्या जोखमीवर राहील, दावा हरल्यास तो ते स्वखर्चाने काढील आणि झालेल्या खर्चावरून कोणताही हक्क सांगणार नाही.

'जैसे थे' हा आदेश वरकरणी वादीला सुखावणारा, पण व्यवहारात घोटाळ्याचा असतो. त्या दिवशी भिंत जोत्यापर्यंत होती की चार फूट वर, हे नोंदलेले नसेल तर पुढे भंग झाला हे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे आदेशाच्या दिवसाची स्थिती छायाचित्रांनी किंवा आयुक्ताच्या अहवालाने नोंदवून घेणे आवश्यक ठरते. छायाचित्रे डिजिटल असल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागते.

एकतर्फी आदेश व त्यानंतर

सामान्य नियम प्रतिपक्षाला नोटीस देण्याचा आहे. नोटीस दिल्याने हेतूच विफल होईल असे वाटल्यास न्यायालय कारणे नोंदवून एकतर्फी आदेश देऊ शकते. तसे झाल्यास वादीने अर्ज, शपथपत्र, वादपत्र व कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला तात्काळ द्यायच्या किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवायच्या, आणि त्याच दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी त्याबद्दल शपथपत्र दाखल करायचे असते. ही बाब क्षुल्लक वाटते, पण तिच्या अभावी चांगले आदेश उठविले गेले आहेत. नियम ३अ नुसार असा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करायचा आहे. शेजाऱ्याने आधीच कलम १४८अ खाली कॅव्हेट दाखल केले असेल, तर ९० दिवसांपर्यंत त्याला कळविल्याशिवाय आदेश मिळत नाही.

महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून आदेश मिळविल्यास तो नियम ४ खाली रद्द होतो. पूर्वीची तडजोड किंवा वादीच्या विरोधात गेलेली आधीची मोजणी ही त्याची नेहमीची उदाहरणे. अपुऱ्या कारणांवर आदेश मिळविल्याचे आढळल्यास कलम ९५ खाली प्रतिवादीला ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई देता येते. उलट, आदेश मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त करण्याची आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेत ठेवण्याची तरतूद नियम २अ मध्ये आहे.

निशाणी ५ वरील आदेशाविरुद्ध आदेश ४३, नियम १(आर) खाली जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करता येते. अपील न्यायालय पुरावा नव्याने तोलून स्वतःचे मत लादत नाही. कनिष्ठ न्यायालयाचा विवेकाधिकार मनमानीने वापरला गेला का एवढेच ते पाहते, असे वॉन्डर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) या निकालापासून मानले जाते. त्यापुढे दुसरे अपील नाही. बुलढाणा जिल्ह्यातील पक्षकाराला त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली याचिका करावी लागते.