घरच्या मैदानाचा फायदा नेमका कुठून येतो?

खो-खो असो, कबड्डी असो वा क्रिकेट, यजमान संघ जास्त वेळा जिंकतो. त्याची तीन कारणं नेहमी सांगितली जातात: प्रेक्षक, प्रवास आणि पंच. यातलं पंचांचं कारण तपासायला क्रिकेटने उत्तम संधी दिली, आणि तिची सुरुवात ठाण्याच्या एका पंचांपासून होते.

पिलू रिपोर्टर आणि लाहोर

पूर्वी कसोटीत दोन्ही पंच यजमान देशाचेच असत. त्यामुळे हरलेला पाहुणा संघ पंचांवर बोट ठेवायचा. नोव्हेंबर १९८६ मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत इम्रान खानच्या आग्रहामुळे दोन भारतीय पंच उभे राहिले: पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. आधुनिक काळातले हे पहिले तटस्थ पंच. सामना वेस्ट इंडीजने डावाने जिंकला. आता पंचांकडे बोट दाखवायला जागा नव्हती. पुढे १९९४ पासून एक आणि २००२ पासून दोन्ही पंच तटस्थ झाले.

पायचीतचा हिशेब

त्रिफळा उडाला तर पंचांना ठरवण्यासारखं काही उरत नाही. पायचीत मात्र अंदाजाचा निर्णय आहे: पॅड मध्ये नसतं तर चेंडू यष्टींवर गेला असता का? म्हणून संशोधकांनी सुमारे हजार कसोटींमधले पायचीत मोजले. दोन्ही पंच यजमान देशाचे असताना पाहुण्यांना सुमारे १६ टक्के जास्त वेळा पायचीत दिलं गेलं होतं. एक पंच तटस्थ असताना हा फरक १० टक्क्यांवर आला. दोघेही तटस्थ असताना फरक उरलाच नाही. खेळपट्टी तीच, प्रेक्षक तेच, बदलले फक्त पंच. याचा अर्थ प्रत्येक पंच मुद्दाम लबाडी करत होता असा नाही. शंकेच्या चेंडूवर मन नकळत आपल्या बाजूला झुकतं.

प्रेक्षकांचा आवाज

फुटबॉलमध्ये आवाजाचा परिणाम दिसतो. एका प्रयोगात पंचांना टॅकलचे व्हिडिओ दाखवले, काहींना आवाजासह आणि काहींना आवाजाविना. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. २०२० मध्ये कोरोनामुळे युरोपातले सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा पाहुण्यांना मिळणारी पिवळी कार्डं कमी झाली. घरचा फायदाही घटला, पण पूर्ण गेला नाही.

मग प्रवास?

लांबच्या दौऱ्यात वेळ बदलते आणि झोप बिघडते. पूर्वेकडे जाताना हा त्रास जास्त होतो, म्हणून संघ काही दिवस आधी पोहोचतात. पण जिथे पाहुणा संघ बसने दोन तासांत येतो, अशा लीगमध्येही यजमानांचं पारडं जड असतं. त्यामुळे सगळा दोष प्रवासाला देता येत नाही. उरलेल्या फायद्यात ओळखीच्या मैदानाचा वाटा असतो: माती कशी आहे, चेंडू किती उसळतो, वारा कुठून येतो.

पुढच्या वेळी घरचा संघ जिंकला, की नुसता स्कोअर पाहू नका. शंकेचे निर्णय कोणाच्या बाजूने गेले, तेही मोजा.