खंडेनवमीचा पाट: गंज, पाटी आणि झेंडू

आश्विन शुद्ध नवमीला महाराष्ट्रात खंडेनवमी म्हणतात. खंडा म्हणजे रुंद, सरळ पात्याची तलवार. नवमीला शस्त्रे पुजायची आणि दशमीला सीमोल्लंघनासाठी बाहेर पडायचे, असा हा जुना क्रम. आज त्याच पाटावर पाना, पोथी आणि दुचाकीची किल्ली शेजारी शेजारी दिसतात. या मांडणीचा उगम शोधताना फुलांच्या आधी गंजाकडे पाहावे लागते.

मराठ्यांच्या स्वाऱ्या पावसाळ्यात थांबत. नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात बुडत. दसऱ्याच्या सुमारास पाणी ओसरे, चारा वाढलेला असे आणि फौजा मुलूखगिरीला निघत. मधल्या चार महिन्यांत तलवार म्यानात राही, आणि खरा धोका तिथेच होता. म्यान बहुधा लाकडी फळ्यांचे, वरून चामड्याने वा कापडाने मढवलेले. लाकूड आणि चामडे ओल धरून ठेवतात. बाहेर ऊन पडले तरी आत पाते गंजत राहते. दारूगोळ्याचीही हीच कथा. दारू वरचेवर बाहेर काढून उन्हात वाळवावी, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे.

म्हणून पूजेआधीची साफसफाई हीच शस्त्रांची वार्षिक तपासणी ठरे. पाते म्यानातून सहज न सरकता अडखळले, तर आत गंज धरला आहे हे तेव्हाच कळते. तांबूस, भुकटीसारखा गंज वरवरचा असतो. तेलात कालवलेली विटेची वस्त्रगाळ पूड पात्याच्या लांबीच्या दिशेने चोळली की तो निघतो. काळपट खड्डे पडले असतील, तर ते घासून जात नाहीत, पातेच झिजते. पितळेची मूठ चिंचेने लखलखते, पण तीच चिंच पोलादाला लावून नीट न धुतल्यास पाते पुन्हा लवकर गंजते. जौहर असलेल्या, म्हणजे अंगभूत लहरींची नक्षी असलेल्या पात्यावर तर विटेची पूडही लावू नये. नक्षी कायमची पुसट होते.

सजावटही निरुपद्रवी नसते. ओले गंध आणि पाणी शिंपडलेली फुले रात्रभर पात्यावर राहिली, तर सकाळी त्यांच्या आकाराचे डाग उमटलेले दिसतात. त्यामुळे हळदकुंकू मुठीला लावणे, फुले कोरडी करून वाहणे आणि पूजेनंतर पाते पुसून, तेलाचा हात फिरवूनच म्यान करणे श्रेयस्कर.

पण हा सण केवळ शस्त्रधाऱ्यांचा होता काय? आबे द्युबुआ हा फ्रेंच मिशनरी १७९२ च्या सुमारास भारतात आला आणि त्याने दीर्घकाळ दक्षिणेत, विशेषतः म्हैसूरकडे, काढला. हत्यारांच्या पूजेचे त्याने केलेले वर्णन बोलके आहे. शेतकरी नांगर-कुदळ एकत्र मांडतो, सुतार आपली हत्यारे, न्हावी वस्तरे, लेखक लोखंडी लेखणी. बायका घरातली नित्याची साधने मांडतात, आणि सारे त्यांपुढे दंडवत घालतात. द्युबुआला ही भोळी मूर्तिपूजा वाटली. त्याच्या मताचे मोल कमी, नोंदीचे मात्र मोठे: तलवारीचा मान वस्तऱ्यालाही मिळत होता, याचा तो परका साक्षीदार आहे.

पुस्तकांचा नियम थोडा वेगळा. सरस्वतीचे आवाहन मूळ नक्षत्रावर, पूजन पूर्वाषाढेवर आणि विसर्जन श्रवणावर होते. या काळात मांडलेल्या ग्रंथांना वाचनासाठी हात लावायचा नाही, असा संकेत. शाळकरी मुले मात्र पाटीवर एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढत. लिहायला शिकण्याचा पहिला आकडाच देवीचे रूप होई.

पानांना कथांचा आधार आहे. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रे शमीवर लपवली, असे विराटपर्व सांगते; आपट्याचे पान ‘सोने’ ठरले ते रघुराजा आणि कौत्साच्या आख्यानामुळे. फुलांचे मात्र वेगळेच. दसऱ्याचे प्रतीक मानला जाणारा झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. युरोपीय दर्यावर्दी तिकडे पोहोचण्यापूर्वी, यादवकाळी, इथल्या कोणत्याही पाटावर झेंडू असणे शक्य नव्हते. परंपरेने त्याला इतक्या सहजतेने सामावून घेतले की त्याचे परकेपण कोणाच्या ध्यानातही राहिले नाही.

वाहनांचे तसेच. पूर्वी घोडे धुऊन, शृंगारून पुजले जात. पुढे तो मान मोटारीला, एसटीला मिळाला. मुंबईच्या कापडगिरण्यांत दसऱ्याला यंत्रांची पूजा मोठ्या उत्साहाने होई. त्याआधी मागांच्या सांदीकोपऱ्यांत साचलेला कापसाचा तूस काढला जाई. वंगणात मिसळलेला हा तूस चटकन पेट घेतो, हे कामगारांना ठाऊक होते. साफसूफ झाल्यावरच यंत्राला हार पडे.