रिकामी बाकं आणि उरलेली श्रद्धा

‘सेक्युलरायझेशन’ हा शब्द मराठीत आणताना मी दर वेळी थबकते. ‘धर्मनिरपेक्षता’ ही राज्याची भूमिका झाली, ‘इहवाद’ हा विचार झाला. इतिहासकार बोलतात ते एका प्रक्रियेबद्दल. जर्मन प्रदेशांत हा शब्द पूर्वी चर्चच्या जमिनी आणि मठ राजसत्तेकडे जाण्यासाठी वापरला जाई. म्हणजे तो मुळात मालमत्तेचा आणि अधिकाराचा शब्द. मनाशी त्याचा संबंध नंतर जोडला गेला. आधुनिक युरोप ‘अश्रद्ध’ कधी झाला, हा इतिहासकारांचा वाद याच दोन अर्थांमध्ये अडकलेला आहे.

इंग्लंडचं उदाहरण घेऊ. ३० मार्च १८५१च्या रविवारी तिथे उपासनेला येणाऱ्यांची सरकारी मोजणी झाली. पन्नास लाखांहून अधिक लोक येऊ शकत असूनही आले नाहीत, असा अंदाज होरेस मॅन यांनी अहवालात मांडला. शहरी कामगार धर्मापासून तुटला, हा निष्कर्ष मग रुळला. पण मोजली गेली होती ती हजेरी, माणसं नव्हेत. सकाळी आणि संध्याकाळी आलेला माणूस दोनदा धरला गेला. आणि घरी राहिलेल्याच्या मनात काय होतं, हे त्या तक्त्यात मावणारं नव्हतं.

सेरा विल्यम्स यांनी लंडनच्या सदर्क या कामगारवस्तीचा १८८० ते १९३९ या काळातला अभ्यास केला, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. रविवारी चर्चला न जाणारी बाई बाळंतपणानंतर मात्र आभारविधीसाठी तिथे जाई. तो होईपर्यंत तिने दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकणं अशुभ मानलं जाई. पाद्री याला अंधश्रद्धा म्हणत. त्या बायकांच्या लेखी तोच धर्म होता.

कॅलम ब्राउन तर म्हणतात, की ब्रिटनमध्ये खरा तडा गेला तो १९६०च्या दशकात. धार्मिकतेची जी प्रतिमा स्त्रियांशी जोडलेली होती, ती स्त्रियांनीच नाकारली. स्टीव्ह ब्रूस यांना हे इतकं अचानक घडलं असं वाटत नाही. संस्थेचा आधार सुटला, की घरगुती श्रद्धा पुढच्या पिढीपर्यंत पोचत नाही. ऱ्हास संथ असतो, पण खराच असतो, असं ते म्हणतात.

मला ब्रूस यांचा मुद्दा डावलता येत नाही. आभारविधीला जाण्यासाठीसुद्धा एक चर्च उघडं असावं लागतं, आणि तो विधी करणारा पाद्रीही. पण सदर्कच्या बायकांना ‘अश्रद्ध’ म्हणणं म्हणजे पाद्र्यांचीच व्याख्या आपली म्हणून स्वीकारणं. म्हणून अनुवादात मी एकच शब्द सगळीकडे चालवत नाही. जिथे मजकूर संस्थेबद्दल आहे तिथे ‘चर्चच्या अधिकाराचा ऱ्हास’ लिहिते; श्रद्धेबद्दल असेल तर ती संपली की बदलली, हे लेखकाच्या पुराव्यात शोधते आणि मगच क्रियापद निवडते.