दीड तासाची सम

माझी भाची स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी दोन महिने आमच्याकडे राहायला आली होती. आल्या दिवशीच तिने कपाटाच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवली. सहाला उठायचं असेल तर झोपायचं पावणेनऊला, सव्वादहाला, पावणेबाराला नाहीतर सव्वाला. अधली-मधली वेळ चालणार नाही. हिशेब सरळ होता. झोप दीड-दीड तासाच्या आवर्तनांनी चालते. आवर्तन संपताना जाग आली की माणूस ताजातवाना उठतो आणि मध्येच गजर वाजला की डोकं जड होतं. म्हणून सहातून दीड तासाचे हप्ते वजा करायचे, डोळा लागायला पंधरा मिनिटं धरायची, की झोपायची वेळ मिळाली.

एकदा पावणेअकराच्या सुमारास पाहिलं तर ही दिवा लावून पुस्तक घेऊन बसलेली, डोळे पेंगुळलेले. म्हटलं, झोप आता. तर म्हणाली, "मामा, सव्वादहाची गेली ना! आता पावणेबाराचीच." जणू शेवटची एसटी चुकली होती. हातातली तासभर झोप ती दीड तासाच्या आकड्यापायी सोडून देत होती. तेव्हापासून हा आकडा आला कुठून, त्याचं कूळ शोधावं असं मनात होतं.

या कुळाचा मूळपुरुष म्हणावा असा प्रयोग 1862 सालचा, जर्मनीतला. एर्न्स्ट कोलश्युटर नावाच्या तरुण वैद्यकीय संशोधकाला झोपेची खोली मोजायची होती. त्याने लंबकाला हातोडा लावला. हातोडा जितक्या उंचीवरून सोडावा तितका आवाज मोठा. रात्री ठरावीक वेळाने तो आवाज करायचा आणि झोपलेला माणूस किती मोठ्या ठोक्याला जागा होतो ते टिपायचं. त्यातून जो आलेख निघाला तो एका टेकडीसारखा होता. पहिल्या तासाभरात झोप झपाट्याने गाढ होते आणि मग सकाळपर्यंत हलकी होत जाते. पहाटे अगदी हलका ठोकाही पुरतो. या आलेखात आवर्तनं नव्हती, एकच चढ आणि एक लांब उतार होता. ही टेकडी लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

आवर्तनं दिसायला डोळ्यांकडे पाहावं लागलं. शिकागो विद्यापीठात नेथॅनिएल क्लाइटमन हे झोपेवर आयुष्य वाहिलेले प्राध्यापक होते. 1938 साली ते केंटकीतल्या मॅमथ केव्ह या गुहेत एका सहकाऱ्यासह महिनाभर राहिले होते. अठ्ठावीस तासांचा दिवस अंगवळणी पडतो का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांच्या हाताखाली यूजीन अॅसेरिन्स्की हा विद्यार्थी आला. त्याला काम मिळालं तान्ह्या बाळांच्या पापण्यांची हालचाल पाहत बसण्याचं. कंटाळवाण्या कामातून त्याला एवढं दिसलं की झोपलेल्या बाळाचे डोळे काही काळ हलतात आणि मग बराच वेळ अगदी स्तब्ध असतात.

1951 च्या डिसेंबरात त्याने विद्यापीठातलं एक जुनं, खटारा झालेलं यंत्र दुरुस्त करून घेतलं आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या, आर्मंडच्या, डोळ्यांजवळ व डोक्याला तारा चिकटवल्या. यंत्राच्या लेखण्या सरकत्या कागदावर मेंदूचे आणि डोळ्यांचे विद्युत्संकेत उमटवू लागल्या. मुलगा झोपला, रेघा शांत झाल्या, आणि काही वेळाने लेखण्या जागेपणीसारख्या थरथरू लागल्या. मुलगा उठला असेल असं समजून बाप आत गेला, तर पोरगं गाढ झोपेत. यंत्र बिघडलं असावं, अशी पहिली शंका. यंत्र ठीक होतं. झोपेतच डोळे जलद हलत होते. 1953 साली अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात छापला. पुढे या अवस्थेला रॅपिड आय मूव्हमेंट, म्हणजे रेम, हे नाव रूढ झालं.

गंमत अशी की या पहिल्या लेखात दीड तासाचा पत्ताच नाही. त्यात डोळ्यांची ही धावपळ झोपल्यावर सुमारे तीन तासांनी पहिल्यांदा दिसते आणि साधारण दोन तासांनी पुन्हा येते, असं म्हटलं होतं. रात्रीतली रेमची पहिली फेरी बहुधा अगदी छोटी असते आणि ती सहज निसटते. ती हाती यायची तर रात्रभर सलग नोंद घ्यायला हवी, म्हणजे एका रात्रीला शेकडो मीटर कागद.

ते काम विल्यम डिमेंट या पुढच्या विद्यार्थ्याने केलं. 1957 साली त्याने आणि क्लाइटमन यांनी 33 माणसांच्या 126 रात्रींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. आता आवर्तन नीट दिसलं. माणूस हलक्या झोपेतून गाढ झोपेत उतरतो, परत वर येतो, रेममध्ये थोडा वेळ घालवतो आणि पुन्हा खाली जातो. हे रात्रीतून चार-पाच वेळा घडतं.

त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या लेखात नऊ माणसं होती. त्यांच्या उशाशी दारावरची घंटा बसवली होती. डिमेंट रेम चालू असताना किंवा नसताना घंटा वाजवायचा. झोपलेल्याने उठून, स्वप्न पडत होतं का, ते ध्वनिमुद्रण यंत्रात बोलायचं. रेममधून उठवलं तर 191 पैकी 152 वेळा स्वप्न आठवलं, एरवी 160 पैकी फक्त 11 वेळा. याच लेखात एक साधी ओळ आहे. रेमच्या दोन फेऱ्यांमधलं सरासरी अंतर 92 मिनिटं.

आपल्या दीड तासाचं कूळ ते हेच. पण दोन गोष्टी तेव्हाच कागदावर होत्या आणि पुढे गळून पडल्या. एक, हा आकडा स्वप्नांच्या शोधात सापडला होता. उठल्यावर कोण किती ताजा वाटतो, हे त्या घंटेने मोजलंच नव्हतं. दुसरी, 92 ही सरासरी होती. त्या मोजक्या माणसांत एकाचं आवर्तन 70 मिनिटांचं होतं, तर दुसऱ्याचं 104 मिनिटांचं.

आता या दोघांना भाचीच्या तक्त्यावर झोपवून पाहू. सव्वादहाला अंथरुणात, साडेदहाला डोळा लागला, सहाला गजर. म्हणजे झोप 450 मिनिटं. सत्तरवाल्याची 420 मिनिटांत सहा आवर्तनं पुरी होतात आणि गजर वाजतो तेव्हा तो सातव्यात तीस मिनिटं आत असतो. एकशेचारवाल्याची 416 मिनिटांत चार होतात आणि तो पाचव्यात चौतीस मिनिटं आत असतो. दोघंही समेवर नाहीत, ऐन आवर्तनाच्या मध्यावर. सरासरी 92 चा माणूस घेतला तरी पाच आवर्तनांना 460 मिनिटं लागतात, गजर दहा मिनिटं आधीच वाजतो.

शिवाय एकाच माणसाची आवर्तनंही सारखी नसतात. तबल्यावरचा ठेका मात्रा मोजून समेवर येतो, झोपेचा येत नाही. पहिलं आवर्तन साधारण 70 ते 100 मिनिटांचं असतं, पुढची 90 ते 120 पर्यंत लांबतात. प्रत्येक आवर्तनात दहा-पंधरा मिनिटांची चूक धरली तरी पाचव्या आवर्तनापर्यंत तासाभराचा फरक पडू शकतो. त्यात डोळा लागायला आज पाच मिनिटं, उद्या चाळीस.

मग हा हिशेब इतक्या लोकांना पटला कसा? कारण त्याच्या पोटात एक खरी गोष्ट आहे. गाढ झोपेतून ओढून उठवलं की माणूस काही वेळ भांबावलेला असतो. हात-पाय चालतात, पण डोकं चालत नाही. याला 'झोपेचं जडत्व' म्हणतात. पाव तासापासून तासाभरापर्यंत ते टिकू शकतं. 2009 साली स्वीडनमधून आलेलं 'स्लीप सायकल' हे अॅप उशाजवळच्या फोनच्या साहाय्याने अंगाची हालचाल टिपून, ठरल्या वेळेआधीच्या अर्ध्या तासात झोप हलकी दिसेल तेव्हा गजर करू लागलं. इंग्लंडचे निक लिटलहेल्स यांनी फुटबॉलच्या मोठ्या संघांना झोपेचा सल्ला देताना रात्र तासांत न मोजता दीड तासाच्या आवर्तनांत मोजायला लावली आणि 2016 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा भर आठवड्याच्या बेरजेवर आणि पक्क्या उठण्याच्या वेळेवर होता. लोकांनी उचलला तो मात्र वजाबाकीचा तक्ता.

इथे कोलश्युटरच्या टेकडीकडे परत यायला हवं. गाढ झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते. तिचा बहुतेक भाग रात्रीच्या पहिल्या एक तृतीयांशात, म्हणजे पहिल्या दोन आवर्तनांत, उरकतो. पहाटेच्या आवर्तनांत मधल्या पातळीची झोप आणि रेम एवढंच प्रामुख्याने उरतं. तेव्हा सात-साडेसात तास झोपलेला माणूस सहाला आवर्तनाच्या मध्यावर उठला काय आणि शेवटी उठला काय, गाढ झोपेतून ओढला जाण्याची शक्यता कमीच. आमचा सत्तरवाला आणि एकशेचारवाला, दोघंही गणितात चुकले तरी बहुधा ठीकच उठतील. तक्ता पाळून ताजं वाटलं, असं म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा पुरेशा झोपेचं फळ मिळालेलं असतं. मराठीने पहाटेच्या त्या हलक्या, स्वप्नाळू झोपेला 'साखरझोप' हा वेगळा शब्द कधीचाच देऊन ठेवला आहे.

दिवसाच्या झोपेत मात्र आवर्तनाचा विचार कामाचा आहे, कारण तिथे पहिलंच आवर्तन असतं आणि गाढ झोप त्याच्या पोटात बसलेली असते. वामकुक्षी वीस मिनिटांत आटपली तर ती गाढ होण्याआधी उठता येतं. दीड तास मिळाला तर बहुधा पलीकडच्या काठाला लागता येतं. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठवलं की तोंड कडू आणि डोकं सुन्न, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. रात्रपाळीच्या माणसाने हा हिशेब जरूर ठेवावा.

रात्रीचा तक्ता सगळ्यात महाग पडतो तो भाचीने केला तसा वापरला की. पावणेअकराला झोपून सहाला उठली असती तर डोळा लागायची पंधरा मिनिटं सोडून सात तास झोप मिळाली असती. पावणेबाराची वाट पाहून तिने ती सहा तासांवर आणली. अपुऱ्या झोपेनंतर मेंदू पहाटेपर्यंत गाढ झोप ओढत राहतो आणि उठताना जडत्व जास्त जाणवतं. म्हणजे जे टाळायला तक्ता लावला, तेच तक्त्याने पदरात टाकलं.

मी तिला एवढंच सांगितलं, उठायची वेळ सहाच ठेव, रविवारीसुद्धा, आणि डोळे मिटायला लागले की तक्ता न पाहता झोप. चार-पाच दिवसांनी चिठ्ठी कपाटावरून गेली. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने राज्यघटनेची कलमं लिहून काढली होती.