घर्षणकृष्णता

त्वचा खरखरीत कापडाने किंवा ब्रशने रोज घासल्यामुळे हाडांवरच्या भागात पडणारा तपकिरी-काळसर डाग. वैद्यकात त्याला फ्रिक्शन मेलॅनोसिस म्हणतात. जपानीत नाव आहे ‘मासात्सु कोकुहिशो’, म्हणजे घर्षणाने कातडी काळी पडण्याचा विकार. नायलॉन टॉवेल मेलॅनोसिस हे नाव मात्र थेट गुन्हेगाराकडे बोट दाखवते.

हा विकार ठळकपणे नोंदवला तो जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी, 1980 च्या दशकात. जपानी घरात कढत पाण्याच्या टबात घरातली सगळी माणसे एकामागून एक बसतात, पाणी तेच असते. म्हणून टबात उतरण्याआधी बाहेरच अंग साबण लावून स्वच्छ घासायचे, ही रीत. पूर्वी त्यासाठी सुती पंचा किंवा वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असे. मग सुमारे मीटरभर लांबीचा नायलॉनचा टॉवेल आला. थोड्या साबणाला भरपूर फेस येतो, टॉवेल झटपट वाळतो, लवकर झिजत नाही. शिवाय दोन टोके दोन हातांत धरून तो पाठीवर करवतीसारखा ओढता येतो, त्यामुळे जिथे हात पोचत नाही तिथेही घासता येते. सुती कापड भिजले की मऊ होते, नायलॉनचा धागा भिजूनही ताठच राहतो. सोय तिथेच आणि उपद्रवही तिथेच.

डाग कुठे पडतात ते पाहिले की कारण उघड होते. गळपट्टीची हाडे, खांद्यांचे उंचवटे, पाठीचे खवाटे, मणक्यांची रांग, बरगड्या, कधी कोपर आणि गुडघे. या जागी कातडीखाली मांसाची गादी नसते. पोटावर घासले तर कातडी मागे सरते. गळपट्टीवर ती टॉवेल आणि हाड यांच्यात चिमटली जाते. सडपातळ माणसांत हा विकार जास्त दिसतो, त्याचे कारण हेच. दोन हाडांमधल्या खळगीत मात्र रंग बहुधा मूळचाच राहतो. काही वेळा डाग सलग नसून त्यात वाळूवर ओहोटीने सोडाव्यात तशा बारीक लाटा दिसतात.

आत काय घडते? रंगद्रव्य, म्हणजे मेलॅनिन, एरवी कातडीच्या वरच्या थरात असते. हा थर काही आठवड्यांत नवा होतो आणि जुना रंग झडून जातो. सततच्या घर्षणाने वरच्या थराच्या तळाशी असलेल्या पेशींना इजा होते, त्यांच्यातले मेलॅनिन खालच्या थरात सांडते आणि तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळून बसतात. खालचा थर झडत नाही. काही रुग्णांत मेलेल्या पेशींच्या केराटिनपासून तिथे अ‍ॅमिलॉइड नावाचे प्रथिनही साचते. अशा वेळी त्याला मॅक्युलर अ‍ॅमिलॉइडोसिस म्हणतात. दोन्ही विकार एकच की शेजारी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

खरी गोम पुढे आहे. हा डाग मळासारखा दिसतो. समजा, पंचविशीतली एक मुलगी रोज अंघोळीला नायलॉनची घासणी वापरते. वर्ष-दोन वर्षांनी गळपट्टीवर करडी छटा येते. खाज नाही, आग नाही, खवले नाहीत. आजार वाटावा असे काहीच नाही. आई म्हणते, ‘नीट घासत जा, मान बघ केवढी काळी झाली!’ मुलगी जोर वाढवते आणि डाग गडद होतो. उपाय समजून केलेली गोष्टच कारण असते. मळ की डाग, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे: स्पिरिटचा बोळा फिरवावा. साबणाने न निघणारा मळकट थरही त्याने बहुधा पुसला जातो, मेलॅनिन जागचे हलत नाही.

मानेच्या वळ्यांत मखमलीसारखी जाड, काळी त्वचा दिसली तर ती वेगळी गोष्ट. तिचा संबंध अनेकदा लठ्ठपणाशी आणि इन्सुलिनशी असतो. पाठीच्या एकाच बाजूला, खवाट्याजवळ सतत खाजणारा डाग असेल तर त्यामागे तिथल्या नसेचा त्रास असू शकतो. शंका उरली तर त्वचेचा बारीक तुकडा काढून तपासतात.

हा प्रकार जपानपुरता राहिलेला नाही. अरब देशांत ‘लीफा’ या घोसाळ्याच्या जाळीवरून त्याला लीफा रोग असे नाव पडले. म्हणजे नैसर्गिक वस्तूही निर्दोष नाही, दोष घासण्याचा आहे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनाही असे डाग प्लॅस्टिकच्या घासणीने अंग घासणाऱ्यांत आढळतात.

घासणे बंद करणे हाच मुख्य उपचार. घासणी बाजूला ठेवावी, साबण तळहाताने लावावा, अंग टॉवेलने रगडण्याऐवजी टिपून घ्यावे. गोरे करणारी मलमे वरच्या थरावर काम करतात, त्यामुळे खोलवर सांडलेल्या रंगावर त्यांचा परिणाम बेताचाच होतो. लेझरने सावळ्या त्वचेवर कधी डाग आणखी गडद होण्याचा धोका असतो. घर्षण थांबल्यावर डाग हळूहळू फिकट होतात, पण त्याला महिने, कधी वर्षे लागतात, आणि काहींच्या अंगावर पुसट छटा कायम राहते.