अकरा नंबरची काळी काच

वऱ्हाडात ऊन तापायला लागलं की अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी, फॅब्रिकेशनच्या दुकानांत कूलरच्या स्टँडची कामं वाढतात. वेल्डरच्या हातातल्या शील्डमध्ये एक काळपट हिरवी काच असते आणि तिच्या कोपऱ्यात १० किंवा ११ हा आकडा कोरलेला असतो. याच दुकानात '१० नंबर' म्हणून रॉडही मागतात. त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, उलट त्यांची चालही विरुद्ध आहे. रॉडचा नंबर वाढला की रॉड बारीक होतो, काचेचा वाढला की काच गडद होते.

या काचेची कुळी वेल्डिंगच्या नव्हे, काचेच्याच भट्टीत सापडते. इंग्लंडात भट्टीसमोर वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या काच कामगारांना कमी वयात मोतीबिंदू होत असे. त्याचा छडा लावण्यासाठी १९०८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने समिती नेमली आणि काचेचं काम विल्यम क्रुक्स या रसायनशास्त्रज्ञाकडे आलं. त्याने तीनशेहून अधिक मिश्रणांच्या काचा ओतून पाहिल्या आणि १९१४ मध्ये निष्कर्ष छापले. काचेत सिरियम घातलं तर अतिनील किरण अडतात आणि विशिष्ट अवस्थेतलं लोह घातलं तर उष्णतेचे अवरक्त किरण अडतात. त्या लोहानेच काचेला हिरवी झाक येते, म्हणजे वेल्डरच्या काचेचा हिरवेपणा काही शोभेचा नाही. पुढे अमेरिकेच्या मानक संस्थेत कोब्लेन्ट्झ आणि इमर्सन यांनी बाजारातल्या रंगीत काचा मोजून कोणती काच कोणते किरण सोडते याचे तक्ते प्रसिद्ध केले. दिसायला गडद असलेली काच न दिसणारे किरणही अडवेलच असं नाही, हे अशा मोजमापांतून कळलं.

नंबर मात्र फक्त दिसणाऱ्या उजेडाचा. एक नंबर म्हणजे जवळजवळ सगळा उजेड सोडणारी काच, आणि पुढचा प्रत्येक नंबर आधीच्यापेक्षा सुमारे २.७ पट कमी उजेड सोडतो. सात नंबर चढले की उजेड हजारपट घटतो, म्हणून आठ नंबरची काच हजारातला एक भाग आत येऊ देते. गॅस वेल्डिंगचा पाच नंबरचा गॉगल शेकड्यात जेमतेम दोन भाग सोडतो, तर दहा नंबरची काच सुमारे सात हजारांतला एक. पाच नंबरचा गॉगल लावून आर्कचं काम करणाऱ्याच्या डोळ्यात दहा नंबरच्या तुलनेत जवळपास १४० पट उजेड जातो. 'गॉगल तर होता' ही तक्रार त्यामुळे खरी असूनही उपयोगाची नाही.

कूलरच्या स्टँडचंच घ्या. पातळ अँगलला बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड आणि सत्तर-ऐंशी अँपिअर करंट पुरतो. साठ ते १६० अँपिअरला किमान आठ नंबर हवा, पण सोयीचा दहा. जाड गेटला करंट १६० च्या पुढे नेला तर किमान दहा आणि सोयीचा बारा. निवडायची रीत अशी: आधी जास्तच गडद काच लावायची, मग वितळलेल्या धातूचं डबकं स्पष्ट दिसेपर्यंत एकेक नंबर उतरायचं, पण किमानाखाली जायचं नाही.

काचेला तडा गेला असेल, किंवा टाका मारताना पोराने शील्ड बाजूला केलं असेल, तर भोगावं लागतं ते रात्री. दुपारी काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी डोळे लाल होतात, पाणी गळतं आणि दुकानात म्हणतात तसं, "डोयात रेती गेल्यावानी" होतं. अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजलेला असतो. एक-दोन दिवसांत तो भरून येतो. घरोघरी बटाट्याचे काप ठेवतात, त्यांनी गारवा मिळतो इतकंच. बधिर करणारे थेंब मात्र परत परत घालू नयेत, त्याने जखम भरायला उशीर होतो.

१९८१ मध्ये स्वीडनमधून आपोआप काळी होणारी स्पीडग्लास काच आली. ती काळी होण्याआधीही अतिनील आणि अवरक्त किरण अडवते, म्हणून एखाद्या वेळी ती वेळेवर काळी झाली नाही तरी नुकसान मुख्यतः चकाकीचं होतं.

ग्राइंडर हातात घेतला की हे सगळे नंबर निरुपयोगी. चार इंची ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो आणि डिस्क फुटली तर तिचा तुकडा गोळीसारखा येतो. तिथे उजेड अडवायचा नसतो, मार झेलायचा असतो. त्यासाठी पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनी बंद असलेला पारदर्शक चष्मा लागतो, आणि मोठ्या कामाला त्यावर चेहऱ्याचं शील्ड. वेल्डिंगची काळी काच त्या माराने फुटते आणि तिचेच तुकडे डोळ्याकडे येतात, शिवाय तिच्यातून डिस्क नीट दिसतही नाही. काळी काच उचलता येणारं शील्ड असेल, तर आत पॉलिकार्बोनेटचा पडदा आहे का, हे विकत घेतानाच पाहून घ्यावं.